रिअ‍ॅक्शन व्हिडिओ कुठपर्यंत दुसऱ्याचा, कुठून आपला?

बोंडवाला: मी यवतमाळकडचा. शेतीच्या व्हिडिओवर रिअ‍ॅक्शन करतो. कोपऱ्यात चेहरा माझा, आवाज माझा. तरी यूट्यूबनं 'रीयूज्ड कंटेंट' म्हणून पैसे नाकारले. काहून?

धुऱ्यावरचा: माल दुसऱ्याचा हाय म्हणून. तो गडी उन्हात शूटिंग करते अन् तू पंख्याखाली बसून "बापरे" म्हनतं. चोरीच होय.

मोबाइलमास्तर: चोरी नाही. दहा सेकंदांच्या आत घेतलं की चालते. मधी थांबवायचं, बोलायचं.

संकलनवाला: दहा सेकंदांचा असा नियम कुठेच नाही. थांबवून बोलायचं, तेवढं खरं.

बोंडवाला भाऊ, तुमचा कामगंध सापळ्यांचा व्हिडिओ पाहिला. मूळ व्हिडिओ जवळपास अख्खा सलग चालला आणि तुमचं "बरोबर हाय" चारदा. मूळचा आवाज काढून फक्त तुमचं बोलणं ऐकून बघा, हाती काय उरतं? त्यात तो म्हणतो, सापळ्यात पतंग दिसला की फवारा. तिथंच थांबवा. स्वतःचा सापळा उघडून पतंग मोजा. सलग तीन रात्री, दर रात्री सापळ्यामागे आठ पतंग, ही गुलाबी बोंडअळीसाठी फवाऱ्याची पातळी. त्याआधी फवाऱ्याचे पैसे वायाच. मग डोमकळी, म्हणजे अळीनं मिटवून टाकलेलं कपाशीचं फूल, उकलून आतली अळी दाखवा. आता त्याचं वाक्य फक्त तपासायला घेतलेलं राहिलं.

2017 मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात यूट्यूबवर रिअ‍ॅक्शन करणारं क्लाइन दांपत्य कॉपीराइटच्या दाव्यात असंच जिंकलं. दुसऱ्याच्या साधारण साडेपाच मिनिटांच्या व्हिडिओतली तीन मिनिटांवर घेतली होती, पण स्वतःच्या चौदा मिनिटांत थांबवून थांबवून चिरफाड केली होती. त्याच निकालात न्यायाधीशांनी बजावलं की काही रिअ‍ॅक्शन म्हणजे नुसतं मिळून बसून पाहणं. ती या हिशेबात नाहीत.

लग्नघरवाली: माझ्या पोराच्या वरातीच्या व्हिडिओवर बी दावा आला! आमचंच लग्न, आमचाच बँड.

संकलनवाला: ताई, ते गाण्याच्या मालकाचं. हे प्रकरण वेगळं.

धुऱ्यावरचा: अमेरिकेचं अमेरिकेत. इथं काय?

संकलनवाला: आपल्या 1957 च्या कायद्याचं कलम 52 टीका-समीक्षेला मुभा देतं. पण कॉपीराइट एक, यूट्यूबचे पैसे दुसरे. मालकानं लेखी परवानगी दिली तरी 'रीयूज्ड' म्हणून नाकारू शकतात.

धुऱ्यावरचा: तीन मिनिटं पाहिल्यावर मूळचा कोन उघडते? त्याचे व्ह्यू तर गेलेच न.

संकलनवाला: सलग दाखवलं तर गेलेच. चिरफाडीत जातात की वाढतात, हे मलाही छातीठोक सांगता यायचं नाही.

बोंडवाला: पन आता वेचनी चालू हाय, डोमकळी कुठून आनू? हिरवी बोंडं फोडली तर चालन काय?

संकलनवाला: चालन. एकच नको, शेतभर फिरून वीस तोडा, कॅमेरा न थांबवता फोडा. दोनांत अळी निघाली तर तो फवारा म्हणणारा त्या दिवशी बरोबर होता, तेही बोला.