शब्दचर्चा : भरती सकारात्मक आणि निवड नकारात्मक?

अनुवादवाली: मनुष्यबळ व्यवस्थापनाची प्रश्नपेढी मराठीत करते आहे. प्रश्न असा : 'भरती ही सकारात्मक, तर निवड ही नकारात्मक प्रक्रिया आहे. स्पष्ट करा.' मराठीत वाचताना वाटतं, निवड झाली म्हणजे काहीतरी वाईटच झालं. शिवाय पोलीस भरतीत धावण्यापासून अंतिम यादीपर्यंत सगळंच 'भरती'. मग मुलांनी फरक कुठे करायचा?

जुनी फाईल: ताई, पोलीस भरतीच घ्या, तिथे फरक लख्ख दिसतो. जाहिरात काढून जितके जास्त अर्ज येतील तितके आणायचे, एवढीच खरी भरती. मैदानावर पाय ठेवला की निवड सुरू. मुलांना सोळाशे मीटरला २०, शंभर मीटरला १५, गोळाफेकीला १५, असे ५० गुण. त्यात निम्मे मिळाले म्हणून लेखीला बोलावतीलच असं नाही, कारण प्रवर्गातल्या जागांच्या दहापटच मुलं पुढे घेतात. समजा, एका प्रवर्गात ६० जागा आहेत आणि सहाशेव्या मुलाला ४० गुण आहेत. ३८ वाला पात्र असूनही घरी. त्यानंतर लेखीचे १०० धरून यादी लागते. प्रत्येक पायरीला माणूस कमीच होतो, 'नकारात्मक' ते एवढंच.

मधली आळी: मग त्यात विचित्र काय? आपण तांदूळ निवडतो म्हणजे खडेच काढतो ना! निवाडाही त्याच घरातला शब्द. इंग्रजीला हे समजावून सांगावं लागतं, आपल्या क्रियापदातच आहे. आणि भरती म्हणजे समुद्राची भरती, लोटच्या लोट आत येणं.

शुद्धमती: 'सकारात्मक-नकारात्मक' हेच मुळात उसनं. 'संख्या वाढवणारी' आणि 'संख्या घटवणारी' लिहा, प्रश्न संपला.

अनुवादवाली: परीक्षेत छापील शब्दच येणार, त्याचं काय करू? आणि चाचण्यांमध्येही अडले आहे. ॲप्टिट्यूड टेस्टला 'कलचाचणी' चालेल?

मधली आळी: चालेल की. दहावीच्या मुलांची घेत होते ती तीच.

जुनी फाईल: नाही हो. दहावीची कलचाचणी मुलाला काय आवडतं ते विचारत होती. आवड आणि क्षमता वेगळ्या. यंत्रात रमणाऱ्याला यंत्र जमेलच असं नाही. शिक्षकांच्या टेटचं नाव बघा : शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, १२० गुण अभियोग्यतेचे, ८० बुद्धिमत्तेचे. ॲप्टिट्यूडला 'अभियोग्यता' तिथे रुळला आहे.

एसटीचा डबा: टेट म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. ही वेगळी.

जुनी फाईल: बरोबर, मी म्हणतोय ती टीएआयटी. पण मुद्दा तोच.

चाकणचा फिटर: आमच्याकडे 'ट्रेड टेस्ट'च म्हणतात, प्रावीण्य चाचणी वगैरे कुणी म्हणत नाही. लोखंडाचा तुकडा देतात, कानशीने काटकोनात करायचा. मग साहेब गुण्या लावून तो उजेडाकडे धरतो. फटीतून प्रकाश दिसला की समजायचं, हात अजून बसलेला नाही. व्हर्निअरवर माप वाचायला लावतात, तिथे शून्यचूक न बघता आकडा सांगणारे बरेच गळतात. ही परीक्षा जे येतं त्याची. नव्या पोराला शिकवलं तर जमेल का, हे त्यातून कळत नाही. अभियोग्यता लागते ती त्यासाठी.

शुद्धमती: 'ट्रेड टेस्ट' हे मराठी आहे का, हा प्रश्न आहे.

चाकणचा फिटर: कानस मराठीच आहे, ती घ्या.

एसटीचा डबा: माझी अडचण निराळी. भाऊ नोकरीत असताना गेला, त्याचा मुलगा अनुकंपावर लागला. हा अंतर्गत स्रोत की बाह्य? आमच्या क्लासच्या सरांनी अंतर्गत लिहिलं होतं.

जुनी फाईल: मुलगा आधी कर्मचारी नव्हता, म्हणून मी बाह्यच म्हणेन. कामगाराने ओळखीचा माणूस सुचवला तरी तो बाह्यच धरतात. अंतर्गत म्हणजे बढती आणि बदली, माणूस आधीच हजेरीपटावर.

मधली आळी: पण त्याचं नाव आलं ते आतूनच ना? जाहिरात नाही, बाहेरच्याशी स्पर्धा नाही. मला सर बरोबर वाटतात.

जुनी फाईल: स्पर्धा नाही म्हणून अंतर्गत ठरत नाही. उलटही होतं. फौजदार होण्याच्या वाटांमध्ये सरळसेवा आणि पदोन्नतीबरोबर मर्यादित विभागीय परीक्षाही राहिली आहे. माणसं खात्यातलीच, म्हणजे स्रोत अंतर्गत, तरी परीक्षा देऊन गाळली जातात. माणूस कुठून आणला आणि कसा गाळला, हे दोन प्रश्न वेगळे ठेवा.

शुद्धमती: 'गाळणे' चांगला आहे. निवडीऐवजी 'गाळणी' का नको?

मधली आळी: कारण लग्नपत्रिकेसारखं नियुक्तीपत्र येतं, त्यावर 'आपली गाळणी झाली' लिहायचं का?

चाकणचा फिटर: काही कारखान्यांत भरतीच होते, निवड होतच नाही. त्यालाच खोगीरभरती म्हणतात.

शुद्धमती: खोगीर फारसी आहे.

सोळाशे मीटर: भरतीची चर्चा चालू दिसली म्हणून आलो. पुढची जाहिरात कधी निघणार? भाच्याचा गोळा कमी पडतोय.