पाच ककार

>> केस कापायचेच नाहीत, तर सोबत कंगवा कशाला? आणि पाचही वस्तू प्रत्येक शिखाकडे असतात का?

नाही, केश, कंगा, कडा, कच्छेरा आणि कृपाण या 'क'ने सुरू होणाऱ्या पाच वस्तू, म्हणजेच पाच ककार, सगळ्यांकडे नसतात. ते बंधन अमृत घेतलेल्या, म्हणजे खालशाची दीक्षा घेतलेल्या शिखांवर आहे. गुरू गोविंदसिंगांनी (नांदेडला ज्यांचा गुरुद्वारा आहे तेच) १६९९ च्या बैसाखीला आनंदपूर साहिबला खालसा पंथ स्थापला.

कंगव्याचं म्हणाल, तर खरी गंमत तिथेच आहे. केस न कापणं म्हणजे ईश्वराने दिलेलं शरीर आहे तसं स्वीकारणं. पण जटा वाढवून संसार सोडणारे साधू गुरूंना आदर्श वाटत नव्हते. म्हणून केशाच्या जोडीला लाकडी कंगा. केस रोज सकाळ-संध्याकाळ विंचरायचे, जुडा बांधायचा आणि कंगा त्यातच खोवून वर पगडी. थोडक्यात, विरक्ती नको, नीटनेटका संसार हवा.

हातातला कडा लोखंडाचा किंवा पोलादाचा असतो, कारण तो दागिना नव्हे. हात वाईट कामाकडे वळला की आधी तो दिसावा. कच्छेरा, म्हणजे नाडीची सैल चड्डी, संयमाची खूण. कृपाण दुबळ्यांच्या रक्षणासाठी, हल्ल्यासाठी नाही. आपल्या घटनेच्या २५ व्या कलमातही कृपाण बाळगणं हा शीख धर्माचा भाग मानला आहे.