मदत हवी आहे: कॉलेजजवळ झेरॉक्स-लॅमिनेशनचा गाळा, मशीन कोणतं घ्यावं आणि भाव काय ठेवावा?

वैशाली_सोलापूर
नमस्कार. आमच्या तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेज आणि हायस्कूल यांच्या मधल्या रस्त्यावर एक गाळा मिळतोय, भाडं ४००० रुपये. मी आणि माझे धाकटे दीर मिळून झेरॉक्स, प्रिंट आणि लॅमिनेशन सुरू करणार आहोत. घरी रंगीत इंक टँक प्रिंटर आहे. प्रश्न मोठ्या मशीनचा आहे. पुण्याचे एक विक्रेते जुनं, दुरुस्त केलेलं वेगवान ए-थ्री मशीन ६५,००० ला देतायत. तेवढ्याच्या आसपास नवं पण मिनिटाला वीसेक पानं काढणारं मशीन येतं. काय घ्यावं? आणि कॉलेजच्या गेटसमोरचं दुकान नोट्स एक रुपया पानाने देतं, त्या भावात परवडतं का? कृपया धंद्यातल्यांनी सांगा.

अमोल_के
ताई, मशीन कशाला घेताय? इंक टँकची शाई पानाला दहा-बारा पैशांच्या वर जात नाही. घरचाच प्रिंटर ठेवा, सहा महिने बघा, मग ठरवा.

शिंदेकाका_झेरॉक्सवाले
अमोल, शाई स्वस्त पडते हे खरं आहे, पण गेटजवळच्या दुकानात अडचण वेगळी असते. मधल्या सुट्टीत वीस मिनिटांत पंधरा मुलं येतात आणि प्रत्येकाला चाळीस पानांच्या नोट्स हव्या असतात. घरगुती इंक टँक मिनिटाला दहाएक पानं काढतो, म्हणजे दोन-पाच मुलांतच सुट्टी संपते. बाकीची समोरच्या दुकानात जातात आणि पुन्हा येत नाहीत. शिवाय बऱ्याच इंक टँकची रंगीत शाई पाण्याने पसरते. पावसात हॉल तिकीट ओलं झालं की शिव्या दुकानदाराला. तो प्रिंटर रंगीत प्रोजेक्टला आणि फोटोला ठेवा.

वैशालीताई, आता हिशोब. आमच्याकडे ७५ जीएसएमची रीम सध्या २७० ला पडते, म्हणजे कागद ५४ पैसे. टोनरचे दहा पैसे धरा, आणि ड्रम, ब्लेड, फ्यूजर यांच्यासाठी दर छापाला आणखी दहा पैसे बाजूला टाका. हे दहा पैसे नवीन माणूस धरतच नाही आणि ड्रम बदलायची वेळ आली की उसने पैसे शोधतो. एकेरी झेरॉक्स ७४ पैशांना पडली आणि २ रुपयांना विकली तर हातात सव्वा रुपया राहतो. नोट्स पाठपोट आणि बाजूला एक रुपया असतील तर कागद एकदाच लागतो, छापाचा खर्च दोनदा: ५४ अधिक ४०, म्हणजे ९४ पैसे. दोन रुपयांतून उरले एक रुपया सहा पैसे, म्हणजे एका बाजूमागे ५३ पैसे.

भाडं, व्यापारी दराची वीज, नेट धरून महिन्याला ८००० लागतात असं समजा. २५ दिवस दुकान चाललं तर रोज ३२० रुपये निघाले पाहिजेत. सुट्या झेरॉक्सवर ते अडीचशे छापांत निघतात, एक रुपयाच्या नोट्सवर सहाशेच्या वर छाप लागतात. त्यात तुमचा आणि दिरांचा पगार नाही. म्हणून सुट्या पानाचा भाव पाडू नका. एक रुपया फक्त पाठपोट आणि पंचवीस पानांच्या वर, असा बोर्ड लावा.

मशीनचं म्हणाल तर रोज हजाराच्या वर छाप जाणार असतील तरच जुनं वेगवान घ्या, नाहीतर नवं हळू बरं. पण दोन्हींच्या आधी एक चौकशी करा: तुमच्या गावापासून तासाभरात येणारा मेकॅनिक कुठल्या कंपनीच्या मशीनवर हात बसलेला आहे? आमच्या भागात कॅननवाले दोन आहेत, म्हणून मी कॅनन घेतलं. पुण्याचा विक्रेता वॉरंटी देईल, माणूस पाठवायला चार दिवस लावेल.

वैशाली_सोलापूर
काका, खूप आभार. हजार छाप होतील का हे अजून माहीत नाही, पण जुनं मशीन बघायला आम्ही रविवारी पुण्याला जातोय. तिथे नक्की काय तपासायचं? विक्रेते म्हणतात काउंटर कमी आहे.

शिंदेकाका_झेरॉक्सवाले
काउंटर बघा, पण त्यावर विसंबू नका. तो बदलता येतो. स्वतःची एक रीम घेऊन जा. आधी झाकण बंद करून कोऱ्या कागदाची कॉपी काढा. पानावर ठिपके सारख्या अंतराने पुन्हापुन्हा उमटत असतील तर ड्रम किंवा फ्यूजरचा रोलर खराब आहे. मग एकच पान दोनदा काढा, एकदा वरच्या फीडरमधून, एकदा काचेवर ठेवून. उभी रेघ फक्त फीडरमधून येत असेल तर बाजूच्या बारीक काचेच्या पट्टीवर घाण आहे, ओल्या कापडाने जाते. दोन्हीकडे येत असेल तर ड्रम-ब्लेडचा खर्च समोर आहे आणि तेवढा भाव कमी करून मागा. शेवटी मशीन तापेपर्यंत शंभर पानं पाठपोट काढा. जुनी मशीनं थंड असताना चांगली चालतात, गरम झाल्यावर पाठपोटात अडकतात. छापलेल्या काळ्या भागावर बोट घासा, टोनर हाताला लागला तर फ्यूजर नीट तापत नाही.

कागदाचंही तपासा. ७५ जीएसएम ए-फोरची पाचशे पानांची रीम २ किलो ३४० ग्रॅमच्या आसपास भरते. स्वस्तात मिळालेली रीम दोन किलो शंभर भरली तर कागद तरी हलका आहे नाहीतर पानं तरी कमी. पावसाळ्यात उघडी रीम बाहेर ठेवू नका, पुन्हा वेष्टनात गुंडाळा. दमट कागदाच्या कडा लाटेसारख्या होतात आणि पहिला अडकतो तो पाठपोटात.

सुनीता_नगर
माझा प्रश्न लॅमिनेशनचा आहे, वेगळा धागा काढत नाही. १२५ मायक्रॉनच्या पाउचमधून कार्ड बाहेर येतं तेव्हा पांढुरकं दिसतं. मशीन बदलू का?

शिंदेकाका_झेरॉक्सवाले
पांढुरकं म्हणजे उष्णता कमी. पुरतं तापू द्या, तापमान थोडं वाढवा, नाहीतर एकदा पुन्हा फिरवा. लाटा पडायला लागल्या तर जास्त झालं. पाउचची चिकटलेली कड आधी आत जाऊ द्या, नाहीतर रोलरला गुंडाळतं. वैशालीताई, हे तुम्हालाही: थर्मल कागदाची पावती लॅमिनेट करू नका, संपूर्ण काळी पडते. आणि मूळ गुणपत्रिका घेऊन कोणी आला तर आधी सांगा की लॅमिनेट केलेली मूळ कागदपत्रं काही ठिकाणी स्वीकारत नाहीत. मी तर परतच पाठवतो.

प्रदीप_सर
शिक्षक म्हणून एक सांगतो. दहावी-बारावीचं परीक्षा केंद्र तुमच्या शेजारच्या शाळेत असेल तर पेपरच्या वेळेत आसपासची झेरॉक्स दुकानं बंद ठेवायचा आदेश निघतो. अंतर दरवर्षीच्या आदेशात बघा, शंभर मीटर धरून चालू नका. फेब्रुवारी-मार्चच्या कमाईत ते तास वजा करा. बाकी नवं मशीन घ्या असंच मी म्हणेन, जुन्यावर माझ्या मेहुण्याचा पैसा गेला.

शिंदेकाका_झेरॉक्सवाले
सर, मेहुण्यांचं मशीन कोणतं आणि दिवसाला छाप किती होते, हे कळल्याशिवाय मला पटत नाही. माझं जुनंच आहे आणि चालतंय.

वैशाली_सोलापूर
सर, शाळेत केंद्र आहे, ते लक्षातच घेतलं नव्हतं. चौकशी केली, पंढरपूरचे एक मेकॅनिक क्योसेरावर काम करतात, कॅननवाला मात्र सोलापूरहून येतो. विक्रेत्यांकडचं मशीन कॅननचं आहे. उद्यापासून दीर दोन्ही सुट्ट्यांत समोरच्या दुकानात किती मुलं येतात ते मोजणार आहेत, आठवड्याने आकडा इथे टाकते. तोवर कोणी क्योसेराचं जुनं मशीन वापरत असेल तर ड्रम किती छाप चालतो ते सांगाल का?