मदत हवी: नवरीच्या फोटोवर दागिने घालून दाखवायचेत, नथ भलत्याच नाकपुडीत येतीय

नटवी_शाहूपुरी
कुणीतरी पटकन सांगा, डोकं बंद पडायची वेळ आलीय. मी ब्रायडल मेकअप करते. नवरी पुण्याला असती, ट्रायलला यायला जमत नाही म्हणाली, म्हणून तिच्या फोटोवर एआय अ‍ॅपमधनं नऊवारी, साज, ठुशी, नथ आणि मेकअप घालून पाठवला. तर नथ चुकीच्या बाजूला आली, चार वेळा करून बघितलं, दर वेळी तसंच. शिवाय नवरी म्हणती ही मी नाहीच, आणि तिच्या सासूबाईंना मात्र तोच फोटो लई आवडलाय, म्हणतात असंच दिसाय पाहिजे. लग्न 9 दिवसांवर आहे. कुठलं अ‍ॅप चांगलं?

आयटीतला_पोरगा
अ‍ॅपचा दोष नाही ताई, पद्धतीचा आहे. पूर्ण फोटो देऊन नुसतं लिहिलं की अ‍ॅप सगळंच नव्यानं काढतं. मास्क वापरा. नाक आणि गळा तेवढाच रंगवायचा आणि तिथंच बदल करायला सांगायचं, बाकी चेहऱ्याला हात लागत नाही. प्रॉम्प्टमध्ये 'डावी नाकपुडी' असं स्पष्ट लिहा.

गुजरीकर
साज घ्यायचा असेल तर आधी वजन सांगा. सोन्यात का चांदीवर पाणी दिलेला? चांदीचा हवा असेल तर हुपरीला जावा, लई प्रकार बघायला मिळतील.

नटवी_शाहूपुरी
दादा साज माझ्याकडं आहे, भाड्यानं देते मी. प्रश्न फोटोचा आहे.
@आयटीतला_पोरगा डावीच लिहिलंय की हो.

कातरकाम
मी अल्बम डिझाईन करतो, राजारामपुरीत. आधी हे सांगा, फोटो सेल्फी आहे का कुणी काढलेला? नवरीचं नाक टोचलंय का, आणि फोटोत चमकी दिसती का?

नटवी_शाहूपुरी
सेल्फीच असणार, रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. नाक टोचलंय. हो हो, तेच तर सांगते, चमकी एका बाजूला आणि नथ दुसऱ्या बाजूला आलीय! नवरीची आई म्हणाली दोन्ही नाकपुड्या टोचल्यात काय.

कातरकाम
मग अ‍ॅप बरोबर आहे, फोटो उलटा आहे. बऱ्याच फोनमध्ये पुढच्या कॅमेऱ्याचा फोटो आरशासारखा सेव्ह होतो. समोरून बघताना बाईची डावी नाकपुडी आपल्या उजव्या हाताला दिसायला हवी. तुमच्या फोटोत चमकी आपल्या डाव्या हाताला दिसत असणार. तिनं नाक डावीकडंच टोचलंय ना, एवढं विचारून घ्या. तसं असेल तर आधी फोटो आडवा फ्लिप करा, मग पुढचं.

नटवी_शाहूपुरी
अगं आई. हो, डावीकडंच टोचलंय. चमकी माझ्या डाव्या हातालाच दिसतीय. दोन दिवस गेले माझे ह्यात.

सूनबाई_2024
माझ्या लग्नात पण असंच झालेलं. पार्लरवालीनं आधी असला एक फोटो दाखवला, मी त्यात दोन शेड गोरी आणि हनुवटी टोकदार. लग्नादिवशी आरशात बघून मी रडले, मेकअप वाईट नव्हता हो, पण डोक्यात तो फोटो बसलेला. नंतरचे फोटो आता बघते तर छान वाटतात. तेव्हा नाही वाटलं.

आयटीतला_पोरगा
म्हणूनच मास्क म्हणतोय मी.

कातरकाम
भावा, मास्क गळ्याला चालतो, नथीला नाही. नथ वरच्या ओठावर येती, मग नथीसाठी रंगवलं की त्यात नाकाचं टोक आणि अर्धा ओठ पण जातो. अ‍ॅप तेवढा भाग नव्यानं काढतं आणि नाक-ओठ बदलले की माणूस बदलला. शिवाय काही अ‍ॅप मास्कच्या बाहेरची कातडी पण थोडी गुळगुळीत करून देतात. ओळखायचं कसं, तर मूळ फोटो खाली आणि अ‍ॅपचा वर असे दोन लेयर ठेवायचे आणि वरचा चालू-बंद करत राहायचं. डोळा, जबडा, ओठाचा कोपरा जरा जरी उडी मारतोय असं दिसलं, तर तो चेहरा नवरीचा राहिला नाही.

माझं मत, दागिने एआयला काढायला लावूच नका. तुमच्याकडं खरा साज आहे ना? त्याचाच फोटो कापून चिकटवा.

गुजरीकर
हे मात्र खरं बोलला. परवा एका पोरीनं असला फोटो आणून दाखवला, 'असाच साज द्या' म्हणून. चंद्र, कासव, मासा, भुंगा काही कळंना, नुसते सोन्याचे गोळे. पारंपरिक साजाची 21 पानं सांगतात, त्यात कुठलंच नव्हतं. आता ते कसं घडवायचं?

नटवी_शाहूपुरी
मी चिकटवून पण बघितलं होतं, स्टिकर लावल्यासारखं दिसतं. नथ कधी मोठी कधी बारीक.

कातरकाम
साजाचा फोटो टेबलावर पसरून काढला असणार. स्टँडवर नाहीतर स्वतःच्या गळ्यात घालून काढा, म्हणजे उतार बरोबर येतो. आणि नवरीच्या चेहऱ्यावर उजेड ज्या बाजूनं आहे त्याच बाजूनं दागिन्यावर पडू दे. खाली हलकी सावली दिली की स्टिकर वाटत नाही.

मापासाठी फोटोच नवा मागवा. सकाळी खिडकीसमोर उभं राहायचं, दुसऱ्या कुणीतरी मागच्या कॅमेऱ्यानं चार-पाच फुटांवरून काढायचा, फिल्टर बंद. सेल्फीत फोन जवळ असतो म्हणून नाक मोठं येतं. आणि पाठवायचा डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप बारीक करून टाकतं. त्याच जागी उभं राहून एक जादा फोटो, गालाला लागून जुनं बंद पडलेलं एटीएम कार्ड धरून. कार्ड 8.56 सेंटीमीटर रुंद असतं. समजा फोटोत ते 428 पिक्सेल भरलं, तर एका सेंटीमीटरला 50 पिक्सेल. तुमची नथ 3 सेंटीमीटर असेल तर 150 पिक्सेलची ठेवायची. कार्ड चेहऱ्याच्या पुढं धरलं तर मोठं दिसतं, मग नथ पण मोठी येणार, म्हणून गालालाच टेकवून.

नटवी_शाहूपुरी
मी पाठवलेल्या फोटोत नथ गालापर्यंत गेलीय. आत्ता कळलं सासूबाईंना एवढी का आवडली 😅
मेकअपचं काय पण? बेस कसा दाखवू?

पाटलीणकाकू
बेस दाखवायचाच नाही गं. वीस वर्षं नवऱ्या सजवतेय मी. कातडी तेलकट का कोरडी, फाउंडेशन चार तासांनी काळवंडतंय का, फ्लॅश पडल्यावर पावडर पांढरी दिसती का, हे फोटोत कुठनं कळणार? लिपस्टिकचा रंग, काजळ, चंद्रकोर, अंबाड्यावरचा गजरा एवढं दाखव. रंग तिचा तिलाच राहू दे. तिला म्हणावं लग्नाच्या दोन दिवस आधी ये, अर्धा चेहरा करून दाखवते.

आयटीतला_पोरगा
लिपस्टिकचा रंग तरी कुठं खरा दिसतो काकू? पिवळ्या बल्बात काढलेल्या फोटोत मरून पण विटकरी दिसतो.

पाटलीणकाकू
मग लिपस्टिक पण नको. मी तर म्हणते फोटोच नको.

सूनबाई_2024
असं कसं काकू, ठुशी आणि साज दोन्ही घालायचं का एकच, हे फोटोवरच ठरवलं आम्ही. दोन्ही घातल्यावर माझा गळाच दिसत नव्हता.

कातरकाम
लिपस्टिकसाठी पण सकाळचाच फोटो घ्या आणि कडेला पांढरा कागद धरायला सांगा. कागद फोटोत पिवळा दिसला तर तो पांढरा होईपर्यंत रंग सुधारायचा, मगच शेड लावायची. तंतोतंत येणार नाही, पण मरूनचा विटकरी होणार नाही. आणि फुकटच्या अ‍ॅपवर फोटो चढवण्याआधी नवरीला विचारलं होतं का?

नटवी_शाहूपुरी
नाही विचारलं. आज विचारते.

नटवी_शाहूपुरी
दुसऱ्या दिवशी लिहितेय. फोटो आला, कार्डाचा पण. नथ 3.2 सेंटीमीटरची निघाली, बसवली, डावीकडं. ठुशी ठेवली, साज पदराखाली जातोय म्हणून तो वेगळ्या फोटोत दाखवला. चेहऱ्याला काहीच केलं नाही, फक्त लिपस्टिक आणि चंद्रकोर. खाली लिहिलं, 'दागिने मापात आहेत, मेकअपचा अंदाज आहे, रंग ट्रायलला ठरेल.' नवरी म्हणाली हां, ही मी. शुक्रवारी येतीय ट्रायलला. सासूबाई अजून जुनाच फोटो सगळ्यांना पाठवतायत, तो डिलीट करायला कुणी सांगायचं ते कळंना.

पाटलीणकाकू
नवऱ्या मुलाला सांग.

गुजरीकर
ती गालापर्यंतची नथ करून देऊ शकतो आम्ही, विचारा त्यांना.