अनुभव धागा: गच्चीवरची टाकी भरायला किती वेळ लागतो हे तुम्ही कसं काढता?

मुलुंडकर_ताई: आमची तळमजला अधिक पाच मजले, गच्चीवर ९००० लिटरची आरसीसी टाकी. पंपावर १५० लिटर मिनिटाला लिहिलंय म्हणून मी सेक्रेटरी झाल्या झाल्या भागाकार केला, ६० मिनिटं, आणि टायमर एक तासाचा लावून टाकला. तीन दिवस सकाळी नऊच्या आत वरचे दोन मजले कोरडे. वॉचमन मामा म्हणतात, "मॅडम, तीन तासांच्या वर लागतात, आधीपासूनच." आकडा खोटा की मामा खोटे? तुमचे अनुभव लिहा.

दादरचा_बंड्या: नेमप्लेट सोडा हो, बादली लावा. आम्ही खाली पंपाजवळ पाइप खोलून २० लिटरची बादली लावली, १० सेकंदात भरली, म्हणजे १२० लिटर मिनिटाला. तरी टाकीला हिशेबापेक्षा जास्तच वेळ लागतो, पाइपलाइन जुनी असेल.

पंपवाले_काका: बंड्या, बादली बरोबर पण जागा चुकली रे. खाली पाइप खोलला की पंपाला पाणी वर चढवायचंच नसतं, मग तो जोरात फेकणारच. ताई, तुमच्या नेमप्लेटवर हेडचे दोन आकडे असतील बघा, ६ ते ३० मीटर असं काहीतरी. ते १५० लिटर ६ मीटरचे. सक्शन टाकीच्या पाण्यापासून वर पाइपच्या तोंडापर्यंत उंची धरा, सहा लेव्हलच्या बिल्डिंगला सहज २२-२३ मीटर होतात, वर एल्बो नि गंजलेल्या जीआय पाइपचं घर्षण. तिथे निम्मं पाणी आलं तरी पंप बरा समजायचा. माझं ऐकू नका, टाकीतच मोजा. आतली लांबी रुंदी घ्या, खाली जाणारा वॉल्व्ह बंद करा, पट्टी लावून १० सेंटिमीटर पाणी चढायला किती मिनिटं लागतात ते बघा.

गिरगाव_चाळ: आमच्याकडे तर पालिकेचं पाणीच दीड तास येतं, प्रेशर नाही, सक्शन टाकी भरत नाही. त्याचं काय करायचं?

पंपवाले_काका: तो वेगळा हिशेब दादा, पण ताईंनाही लागू आहे. खालची टाकी रिकामी झाली की पंप हवा ओढतो, मग वरचं गणित कितीही बरोबर असो.

कांदिवली_लॉफ्ट: माझा मूर्खपणा सांगतो. छोटा पंप घेतला, डब्यावर १८०० लिहिलेलं. मी म्हटलं वा, हजार लिटरची टाकी मिनिटाच्या आत! तो तासाचा आकडा होता. मिनिटाला ३०. तेही उंचीवर मिळत नाहीच, दुसऱ्या मजल्यावर ५५ मिनिटं लागतात. शेवटी बॉल कॉक हळूहळू बंद व्हायला लागतो ती पाच-सात मिनिटं वेगळीच.

मुलुंडकर_ताई: काकांचं ऐकून दुपारी दोनला गच्चीवर गेले, ऊन डोक्यावर, मामा खाली पंपाजवळ आणि मी झाकणातून हातभर आत वाकून स्टीलची पट्टी धरून, एका हातात फोनचं स्टॉपवॉच. आतून ३ बाय २ मीटर, म्हणजे १० सेंटिमीटरला ६०० लिटर. बरोब्बर ८ मिनिटं. ७५ लिटर! मग ९००० ला दोन तास, तीन नाही. मामा अजून खोटेच.

पंपवाले_काका: वॉल्व्ह बंद होता ना? सकाळी तो उघडा असतो, खाली सगळ्यांच्या अंघोळी चालू. उद्या सातला पंप बंद ठेवून १० मिनिटांत पाणी किती उतरतं ते बघा.

मुलुंडकर_ताई: बघितलं. ५ सेंटिमीटर. ३०० लिटर, मिनिटाला ३०. म्हणजे ७५ मधून ३० गेले, टाकीत उरतात ४५, आणि ९००० भागिले ४५ म्हणजे २०० मिनिटं, तीन तास वीस. मामांना चहा पाजला.

दादरचा_बंड्या: मग पहाटे चारला लावा की, तेव्हा कोण अंघोळ करतंय.

मुलुंडकर_ताई: पालिकेचं पाणी पाचला येतं. रात्रीचं सक्शन टाकीत किती उरतं हे कोणी मोजलेलं नाही.

घाटकोपर_४०२: आमच्याकडे ७० मिनिटांचे दोन महिन्यांत ११० झाले, सगळे म्हणाले वापर वाढला. फूट व्हॉल्व्ह गळत होता, पंप बंद केला की पाइपातलं पाणी खाली उतरायचं, रोज प्रायमिंग. नवीन टाकल्यावर परत ७०-७५. ताई, तुमचे ७५ लिटर तरी नव्या पंपाला मिळतात तेवढेच आहेत का?

पंपवाले_काका: उंचीच्या मानाने ठीक वाटतात, पण पंप बसवला तेव्हाचा आकडा असल्याशिवाय मी पैज लावणार नाही. आजची तारीख आणि ८ मिनिटं टाकीच्या झाकणावर आतून पेंटने लिहून ठेवा.

मुलुंडकर_ताई: झाकणावर आधीच काहीतरी लिहिलंय, फक्त "१०" एवढंच वाचता येतं. मिनिटं की फ्लॅट नंबर, मामांनाही माहीत नाही.