सगळी डुकरं मारायची की आजारी तेवढी वेगळी काढायची?

राऊचा शेडवाला: इंदूरजवळ राऊला माझं बावीस डुकरांचं छोटं शेड आहे. हॉटेलांचं खरकटं खाऊ घालतो. चार दिवसांत दोन माद्या गेल्या. तिसरीला जोराचा ताप आहे, कान आणि पोट निळसर-लाल झालंय, खाणं बंद. बाकीची तर दणकून खातायत. आजारी तेवढ्या वेगळ्या काढून उरलेल्या वाचवाव्यात असं मला वाटतं. सरकारी डॉक्टरांना कळवलं तर सगळीच मारतील. तुमचं मत काय?

देवासकर: अजिबात कळवू नका. एक किलोमीटरच्या आतली सगळी डुकरं मारतात, म्हणजे शेजाऱ्यांचीही. उद्या त्यांना काय तोंड दाखवणार? जी खातायत ती आजच विकून टाका, पैसे तरी हातात येतील.

महूचा पशुवैद्य: देवासकर, विकायचा सल्ला देऊ नका हो. हा डुकरांचा आफ्रिकन स्वाइन फीव्हर असू शकतो. विषाणू अंगात शिरल्यावर लक्षणं दिसायला चार दिवसांपासून जवळजवळ तीन आठवडे लागू शकतात. आज दणकून खाणारं डुक्कर त्याच मुदतीत असेल तर तुम्ही गिऱ्हाइकाच्या गोठ्यात रोगच पोचवताय.

शेडवाले, आता हिशेब बघा. भरपाई मिळते ती सरकारी पथकानं मारलेल्या डुकरांची, वजनाच्या टप्प्यानुसार. आपोआप मेलेल्यांची नाही. तुमच्या दोन तर गेल्याच. जितके दिवस लपवाल तितकी डुकरं भरपाईच्या यादीतून गळत जातील. लक्षणांवरून आफ्रिकन आणि साधा स्वाइन फीव्हर वेगळा ओळखता येत नाही, म्हणून नमुना भोपाळच्या प्रयोगशाळेत जातो. ते आजच करा.

पाटनीपुऱ्याचा अण्णा: स्वाइन फ्लू आहे ना हा? मग घरच्यांना मास्क लावा, आणि लस मिळते की!

महूचा पशुवैद्य: अण्णा, फ्लू वेगळा. हा ताप माणसाला होत नाही. लस आहे ती साध्या स्वाइन फीव्हरची. आफ्रिकनवर आपल्याकडे लस नाही, औषधही नाही.

सांवेरवाला: डॉक्टरसाहेब, तुमचं पटतं, पण सगळंच नाही. हा रोग वाऱ्यासारखा पसरत नाही, रक्त, लाळ, शेण, बूट यांतून जातो. व्हिएतनाममध्ये आजारी आणि लगतच्या कप्प्यातली डुकरं काढून बाकीची वाचवली आहेत. मग गरिबाचंच सगळं शेड का रिकामं करायचं?

महूचा पशुवैद्य: तिथं कप्प्याकप्प्यात पक्की भिंत असते आणि उरलेल्यांची पुन्हा पुन्हा तपासणी होते. राऊच्या शेडात एकच नाली सगळ्यांच्या पायाखालून वाहत असणार. तिथं एक कोपरा बांबूनं आडवला की वेगळं ठेवल्याचं समाधान तेवढं मिळतं.

निकाल येईपर्यंत अख्खं शेडच बंद करा. ना डुक्कर बाहेर, ना पिकअप आत, ना भटकी कुत्री. एकानंच काम करायचं, आधी धडधाकटांचं, शेवटी आजाऱ्यांचं, आणि बूट शेडाबाहेर न्यायचे नाहीत. खरकटं आजपासून बंद; बहुतेक त्यातल्याच डुकराच्या मांसाच्या तुकड्यातून हे आलं असावं. पुढे कधी घालायचंच असेल तर अर्धा तास खळखळून उकळूनच.

राऊचा शेडवाला: मेलेल्या दोन्ही शेताच्या बांधाला दोन फूट खोल पुरल्यात. वर चुना टाकलाय.

सांवेरवाला: दोन फूट म्हणजे कुत्र्यांना आमंत्रण. आमच्याकडे असंच झालं. सकाळी बघतो तर एक तंगडी रस्त्यावर. त्यानंतर जेसीबी बोलावला.

महूचा पशुवैद्य: शासकीय पथक आलं की त्यांना ती जागा दाखवा, स्वतः उकरू नका. सगळ्या डुकरांसाठी साधारण दहा फूट लांब, सात फूट रुंद, आठ-नऊ फूट खोल खड्डा लागेल. वरच्या धडावर निदान पाच फूट माती यायला हवी. विहीर, बोअर, नाला लांब असावा. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात तळाला पाणी लागलं तर जागा बदला. चुना थेट अंगावर ओतलात तर कुजणं उलट मंदावतं. आणि पोट फाडून बघायचा मोह नको, रक्तात विषाणू ठासून भरलेला असतो.

सांवेरवाला: पण पोट टोचलं नाही तर गॅसनं फुगून माती वर येते. आम्ही टोचलं होतं.

महूचा पशुवैद्य: काही ठिकाणी टोचतात, खरं आहे. या रोगात मी टोचणार नाही. मातीचा उंच ढीग ठेवीन आणि खचली की पुन्हा भरीन.

शेडाची शेणघाण आधी खरवडून धुवा, मगच दहा लिटर पाण्यात दोनशे ग्रॅम कॉस्टिक सोडा घालून फवारा, हातमोजे आणि चष्मा घालून. शेणावर फवारलेलं औषध वाया जातं. नवी डुकरं आणायची घाई नको. पथकानं परवानगी दिली की आधी दोन-तीनच आणून काही आठवडे ठेवा, ती टिकली तर बाकीची.

देवासकर: हे सगळं ठीक. भरपाईचा चेक सहा महिन्यांनी आला तर तोवर हा माणूस खाणार काय?

राऊचा शेडवाला: तेच तर. फोन केलाय, माणूस उद्या नमुना घ्यायला येतोय. शेजारच्या दोघांना अजून सांगितलेलं नाही, ते कसं सांगावं हे कोणी सांगेल का?