मदत हवी आहे: घातांकाचं गणित, उत्तर पर्यायांत आहे तरी चुकतंय

गुहागर_बारावी
तातडीने मदत हवी आहे.
9^x − 4·3^(x+1) + 27 = 0
माझं उत्तर 12 येतंय, उत्तरसूचीत 3 आहे. 12 पर्यायांत दिलेलं आहे, म्हणजे मी अगदीच भलतं काही केलेलं नाही. या एका गणितावर चार मिनिटं गेली. लॉग आणि घातांकाची अशी गणितं झटपट कशी करायची, कुणाला माहीत असेल तर सांगा. शनिवारी परत सराव चाचणी आहे.

देवगड_ते_पुणे
पर्याय टाकून बघायचे, सोडवत बसायचं नाही. x = 1 टाक: 9 − 36 + 27 = 0. बसलं. x = 2 टाक: 81 − 108 + 27 = 0. तेही बसलं. मग 3 कुठून आलं? उत्तरसूचीच चुकलेली दिसते. मी सीईटीला निम्मी गणितं पर्याय टाकूनच केली होती.

वाशिष्ठीकाठ
प्रश्नात नेमकं विचारलंय काय? x ची किंमत, मुळांची बेरीज, की किती मुळं आहेत? तू फक्त समीकरण दिलं आहेस. परीक्षा कोणती तेही सांग, आणि 12 पर्यंत कसा पोचलास त्या पायऱ्या जशाच्या तशा लिही. खोडलेल्याही लिही.

माडाखाली
झिला, परीक्षा खंयची ता सांग आदी. बँकेची आसा तर येगळा, इंजिनिअरिंगची आसा तर येगळा.

खाडीपलीकडचा
लॉगच्या गणितात वेग हवा असेल तर लॉग टेबल वाचायची सवय लाव. आम्ही पहिले दोन अंक उभ्या रकान्यात, तिसरा आडव्या ओळीत आणि चौथा उजवीकडच्या फरकांच्या रकान्यांत बघायचो. रोज वीस आकडे काढले की महिन्याभरात हात बसतो. माझ्या मुलीला बारावीच्या रसायनशास्त्राला त्याचा फार उपयोग झाला.

गुहागर_बारावी
सीईटी, पीसीएम ग्रुप. विचारलंय "सर्व वास्तव मुळांची बेरीज". ते सांगायचं राहिलं.
@खाडीपलीकडचा काका, लॉग टेबल बोर्डाच्या पेपरला चालतं, सीईटीला नाही. आणि या गणितात लॉग टेबलचं काम पडत नाही.
पायऱ्या: आधी 4·3^(x+1) चं 12^(x+1) केलं. त्यात दोन मिनिटं गेली, काहीच निघेना. ते खोडलं. मग 3^(x+1) म्हणजे 3·3^x, म्हणून मधलं पद 12·3^x. 3^x = t धरलं. t^2 − 12t + 27 = 0. मुळांची बेरीज = 12. पर्याय दिसला, टिचकी मारली.

वाशिष्ठीकाठ
आता कळलं. शेवटच्या ओळीपर्यंत सगळं बरोबर आहे. 12 ही t ची बेरीज आहे, प्रश्न x च्या बेरजेचा आहे. घाईत मुलं t वरून x वर परत यायचं विसरतात हे पेपर काढणाऱ्याला माहीत असतं, म्हणून 12 पर्यायांत ठेवलेला असतो. पर्यायांत उत्तर दिसलं म्हणून ते बरोबर, असं कधी धरू नकोस.

वेगाचं म्हणशील तर x वेगळे काढायचीही गरज नव्हती. दोन मुळं a आणि b समज. t च्या दोन किमती 3^a आणि 3^b. त्यांचा गुणाकार 3^(a+b). वर्गसमीकरणात गुणाकार म्हणजे शेवटचं पद, 27. 27 म्हणजे 3^3. म्हणून a + b = 3. संपलं.

ज्या मधल्या पदावर तुझी दोन मिनिटं गेली ते या बेरजेत येतच नाही. आणि 4·3^(x+1) चं 12^(x+1) का होत नाही ते x = 1 टाकून बघ: डावीकडे 4 × 9 = 36, उजवीकडे 144. घात फक्त 3 वर आहे, 4 वर नाही. अशी शंका आली की छोटी संख्या टाकून तपासायची, पाच सेकंद लागतात.

देवगड_ते_पुणे
बेरीज विचारली होती हे आधी सांगायला हवं होतं. तरी माझी पद्धत चुकीची नाही. 1 आणि 2 बसतात हे मी अर्ध्या मिनिटात काढलं, बेरीज 3. सूत्र लक्षात ठेवण्यापेक्षा हे बरं.

वाशिष्ठीकाठ
इथे 1 आणि 2 या सोप्या संख्या होत्या म्हणून निघालं. शेवटचं पद 27 च्या जागी 20 असतं तर t = 10 आणि 2. x पूर्णांक येत नाहीत, अंदाजाने टाकणार काय? बेरीज मात्र तशाच एका ओळीत येते, log_3 20. शिवाय पर्यायांत दिलेली असते बेरीज; ती x च्या जागी टाकून काही सिद्ध होत नाही. "x = ?" असा प्रश्न असेल तेव्हा पर्याय टाकणं उत्तम, तिथे मी स्वतः मुलांना तेच सांगते.

गुहागर_बारावी
म्हणजे आता मधलं पद बघायचंच नाही? शेवटचं पद घ्यायचं, 3 चा कितवा घात ते बघायचं, उत्तर लिहायचं?

वाशिष्ठीकाठ
नाही, तिथेच घात होतो. हे समीकरण घे:
9^x − 4·3^x + 27 = 0
तुझ्या समीकरणात आणि यात फरक फक्त (x+1) चा. शेवटचं पद तेच, त्यामुळे न बघता लिहिलंस तर परत 3 येईल. पण t^2 − 4t + 27 चा डिस्क्रिमिनंट 16 − 108, ऋण. t वास्तवच नाही, मग x कुठून येणार? मुळंच नाहीत, तर बेरीज कसली.

आता दुसरं:
9^x − 2·3^(x+1) − 27 = 0
t^2 − 6t − 27 = 0, म्हणजे t = 9 किंवा −3. 3 चा कुठलाही वास्तव घात ऋण होत नाही, म्हणून −3 गेलं. उरलं x = 2, एकच मूळ. इथे गुणाकार −27 आहे, तो 3 चा घात असूच शकत नाही. शेवटचं पद ऋण दिसलं की लगेच थांबायचं आणि मुळं वेगळी काढायची.

म्हणजे मधलं पद बेरजेसाठी लागत नाही, पण दोन्ही t वास्तव आणि धन आहेत ना, एवढं बघायला लागतं. तुझ्या गणितात 12 चा वर्ग 144, तो 4 × 27 = 108 पेक्षा मोठा; बेरीज 12 धन, गुणाकार 27 धन. दहा सेकंदांचं काम आहे.

माडाखाली
माझ्या भाच्यान मागच्या वर्साक ह्याच केल्यान. ऋण t इलो की खोडायचो, इतक्याच पाठ. मगे लॉगच्या गणितात पण खोडल्यान आणि थंय चुकलो. ता कशाक चुकला ता माका अजून कळूक नाय.

वाशिष्ठीकाठ
हे फार चांगलं विचारलंत. लॉगमध्ये उलट असतं. हे बघा:
(log_3 x)^2 + 2·log_3 x − 3 = 0
इथे t = log_3 x. t = 1 किंवा −3. लॉगची किंमत ऋण असायला काहीच हरकत नाही, धन असायला हवा तो x. t = −3 वरून x = 1/27, धनच आहे. दोन्ही मुळं चालतात. तुमच्या भाच्याने बहुतेक 1/27 टाकून दिलं असणार.

आणि इथे झटपट मिळतो तो x चा गुणाकार. लॉगची बेरीज म्हणजे गुणाकाराचा लॉग. t ची बेरीज −2, म्हणून x चा गुणाकार 3^(−2) = 1/9. तपासा: 3 × 1/27 = 1/9.

म्हणून t धरला की बाजूला एक शब्द लिहायचा. t = 3^x असेल तर "धन", t = log_3 x असेल तर "काहीही". माझ्याकडची मुलं कच्च्या कागदावर t च्या डोक्यावरच तो लिहितात.

खाडीपलीकडचा
मी प्रश्न नीट वाचला नव्हता, लॉग टेबलचं राहू दे. पण log 2 = 0.3010 आणि log 3 = 0.4771 एवढं पाठ असू दे. रसायनशास्त्रात सामू काढताना आकडे दिलेले नसतील तर लागतात. त्यावरून log 5 पण निघतो, 1 − 0.3010 = 0.6990.

देवगड_ते_पुणे
सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही. गणिताला ९० मिनिटांत ५० प्रश्न, एकेकाला १०८ सेकंद. एवढ्या तपासण्या करत बसलास तर शेवटचे दहा प्रश्न राहतील. अडलं की एक पर्याय ठोकायचा आणि पुढे जायचं.

वाशिष्ठीकाठ
अडल्यावर ठोकायला माझी ना नाही, कोरं काही सोडू नये. पण हा मुलगा अडलेला नव्हता. t पर्यंत बरोबर पोचला होता आणि दोन गुण शेवटच्या ओळीत गेले. शिवाय जेईई मेनही देणार असेल तर तिथे चुकीच्या उत्तराला एक गुण कापतात, तिथे ठोकायची सवय नडेल.

गुहागर_बारावी
जेईई देणार नाही. घरी आंब्याचा हंगाम आहे, संध्याकाळी बाबांबरोबर पेट्या भरायला बसावं लागतं. आत्ता पेटीत घालायच्या कागदावरच केलं. असंच एक गणित बनवून बघितलं:
4^x − 3·2^(x+2) + 32 = 0
t = 2^x, वर "धन" लिहिलं. मधलं पद 12t. 144 > 128, ठीक. 32 = 2^5, बेरीज 5. पडताळा: t = 4 आणि 8, x = 2 आणि 3. जुळलं.
पण हे अडलं: 4^x + 6^x = 2·9^x. इथे t कुणाला धरायचं? 2^x धरलं तर 3^x उरतो.

वाशिष्ठीकाठ
सगळ्याला 9^x ने भाग. 9^x कधी शून्य होत नाही, त्यामुळे भागायला भीती नाही. 6^x / 9^x म्हणजे (2/3)^x. 4^x / 9^x म्हणजे त्याचा वर्ग. पुढचं तू कर.

गुहागर_बारावी
t^2 + t − 2 = 0. t = 1 किंवा −2. वर "धन" लिहिलेलं होतं, −2 गेलं. x = 0. पडताळा 1 + 1 = 2. बरोबर.

देवगड_ते_पुणे
हे मला माहीत नव्हतं, चांगलं आहे. पण एक सांगा. 9^x − 6·3^x + 9 = 0. t = 3 दोनदा येतं. तुमच्या पद्धतीने 9 = 3^2, बेरीज 2. पण x तर एकच आहे, 1. "सर्व वास्तव मुळांची बेरीज" विचारली तर काय लिहायचं?

वाशिष्ठीकाठ
मी 1 लिहीन. समीकरणाचं समाधान करणारा x एकच आहे, तो दोनदा मोजायचं कारण नाही. 2 येतो तो t च्या वर्गसमीकरणातलं मूळ दोनदा धरल्यामुळे.

देवगड_ते_पुणे
वर्गसमीकरणात समान मुळं आपण दोनच मोजतो ना? x^2 − 2x + 1 = 0 ला मुळांची बेरीज 2 च म्हणतो. मग इथे नियम वेगळा का?

वाशिष्ठीकाठ
तिथे बहुपदी आहे, म्हणून मुळांची पुनरावृत्ती मोजतात. हे x मधलं बहुपदी नाही. प्रश्नात "भिन्न" शब्द असेल तर वादच नाही. नसेल आणि पर्यायांत 1 आणि 2 दोन्ही असतील, तर मी 1 वर ठाम आहे.

देवगड_ते_पुणे
मला पटलेलं नाही. असा प्रश्न प्रत्यक्ष पेपरात कुणाला आला असेल तर उत्तरसूचीत काय होतं ते इथे लिहा.